डॉलरमधली फी आणि चार टक्क्यांचं भांडण

परदेशी परीक्षेची फी भरताना अमरावती-अकोल्याकडच्या घरांत जो वाद होतो, तो नेहमी बँकेवर येऊन थांबतो. कार्ड चाललं नाही, बँकेनं जास्तीचे पैसे कापले, डॉलरचा भाव गूगलवर एक आणि खात्यात दुसराच. खात्यात रक्कम दिसत असूनही व्यवहार होत नाही, हे पाहून वडील विचारतात, "काहून बा, पैसे त हायेत ना खात्यात, मंग जात काहून नाही?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही सोपं आहे. पण त्या उत्तराच्या मागे लागताना खरा पैसा जिथे जातो तिकडे कुणाचं लक्षच जात नाही, असं माझं मत आहे. बँक जे कापते ते चार टक्क्यांच्या आसपास असतं. परीक्षा घेणारी संस्था मात्र न्यू जर्सीतल्या नोकरदाराला आणि अकोटच्या विद्यार्थ्याला एकच किंमत सांगते, आणि आपण ती निमूटपणे मान्य करतो.

आधी कार्डाचं पाहू, कारण तिथेच पहिली ठेच लागते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या परिपत्रकानुसार (अंमल त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून) नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकानं स्वतः बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे असतात. हे दोन वेगळे खटके आहेत, आणि परदेशी संकेतस्थळावर फी भरायला दोन्ही लागतात. त्याखाली रोजच्या मर्यादेचा तिसरा आकडा असतो. देशी व्यवहारांची मर्यादा लाखभर असली तरी परदेशी व्यवहारांची शून्य किंवा अगदी तुटपुंजी असू शकते. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. कुठे अडलं ते बऱ्याचदा ओळखता येतं. ओटीपीचं पान न येताच व्यवहार फसला तर परदेशी व्यवहाराचा खटका बंद असण्याची शक्यता जास्त. ओटीपी आला, टाकला आणि मग नकार मिळाला, तर मर्यादा तपासावी. आणि खात्यातून पैसे वजा झाले पण परीक्षा संस्थेची पावती आली नाही, तर घाबरून लगेच दुसरं कार्ड लावू नये. ती रक्कम बँकेनं नुसती अडवून ठेवलेली असू शकते आणि काही दिवसांत मोकळी होते. घाईत दोनदा फी भरली गेली, तर परतावा मागण्याचा पत्रव्यवहार महिनाभर पुरतो.

आपल्याकडची खरी अडचण याच्याही आधीची आहे. कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे ज्या खात्यात येतात ते पुष्कळदा जिल्हा बँकेत असतं, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचं खातं जनधनसारखं, रुपे कार्डाचं. रुपे हे २०१२ साली सुरू झालेलं आपलं देशी जाळं आहे. त्याचं आंतरराष्ट्रीय कार्ड वेगळं असतं आणि डिस्कव्हरसारख्या परदेशी जाळ्यांशी केलेल्या करारांवर चालतं. साधं देशांतर्गत रुपे कार्ड परदेशी परीक्षेच्या पानावर चालत नाही, मग ॲपमधले सगळे खटके चालू करा की बंद. म्हणून पहिलं पाऊल म्हणजे घरात व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड कुणाकडे आहे ते शोधणं. नसेल तर मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाचा पुरावा लागत नाही, पण एक बारकावा आहे. ठेवीच्या साधारण ८० ते ९० टक्के एवढीच खर्चाची मर्यादा मिळते.

आता एक हिशेब मांडू. अकोल्यातली अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी आहे असं समजा. तिला लिनक्स फाउंडेशनची कुबरनेटिस प्रशासकाची परीक्षा द्यायची आहे, जिला सगळे सीकेए म्हणतात. फी ४४५ डॉलर. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपयांना धरू. मूळ रक्कम झाली ४०,०५० रुपये. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराचा आकार साडेतीन टक्के असतो, म्हणजे सुमारे १,४०२ रुपये. या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५२ रुपये. एकूण ४१,७०४. खात्यातून जास्तीचे गेले ते १,६५४ रुपये, टक्क्यांत सांगायचं तर ४.१३. भावात थोडाफार फरक पडतो, कारण व्हिसा-मास्टरकार्ड आपापला दर लावतात आणि तो पैसे भरल्याच्या दिवसाचा नसून हिशेब मिटल्याच्या दिवसाचा असतो. हा फरक साधारण डॉलरमागे पैशांत असतो, त्यासाठी डोकं खाजवू नये.

तिच्या वडिलांनी ५० हजारांची ठेव मोडायच्या ऐवजी तिच्यावर कार्ड घेतलं आणि बँकेनं ८० टक्के मर्यादा दिली, तर ती होते ४० हजार. फी आहे ४०,०५०. पन्नास रुपयांसाठी व्यवहार नाकारला जाईल, आणि नकाराचा संदेश कारण सांगणार नाही. ठेव ६० हजारांची असती तर काहीच झालं नसतं. असल्या किरकोळ फरकानं माणसं बँकेच्या दोन-तीन चकरा मारतात.

फीच्या पानावर कधी "रुपयांत भरा" असा पर्याय दिसतो. तो प्रेमानं दिलेला नसतो. विक्रेत्यानं किंवा त्याच्या मधल्या कंपनीनं स्वतःच्या दरानं केलेलं ते रूपांतर असतं. तो दर साधारणपणे कार्डाच्या दरापेक्षा वाईट असतो, आणि विक्रेता परदेशी असल्यानं बँक आपला आकार वरून लावू शकते. अशा वेळी डॉलरच निवडावा. जी संस्था भारतासाठी मुळातच रुपयांत किंमत जाहीर करते, तिची गोष्ट वेगळी. त्याकडे पुढे येतो.

चार टक्के वाचवण्याचे जे मार्ग गावोगाव सांगितले जातात, त्यातला एक सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतला मामेभाऊ तिथल्या कार्डानं फी भरतो आणि इथे त्याच्या आईला रुपये पोचते केले जातात. भावानं भेट म्हणून फी भरली तर प्रश्नच नाही. पण परदेशातल्या माणसाच्या वतीनं इथे रुपयांत हिशेब चुकता करणं फेमा, १९९९ च्या तिसऱ्या कलमात बसत नाही. चाळीस हजारांसाठी कुणी दारात येणार नाही हे खरं, तरी सोळाशे रुपयांसाठी हा उद्योग करण्यात शहाणपण नाही. काही जण टीसीएसच्या भीतीनंही असं करतात. ती भीती निराधार आहे. परदेशी पाठवणीवरच्या टीसीएसची सूट १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत आहे. मे २०२३ मध्ये क्रेडिट कार्डाचा परदेशातला खर्चही या टीसीएसच्या कक्षेत आणायचं ठरलं होतं, पण जूनअखेर तो निर्णय पुढे ढकलला गेला. परीक्षेची फी त्या दहा लाखांच्या आसपासही जात नाही.

बँकेचं प्रकरण एवढ्यावर मिटतं. १,६५४ रुपये ही कटकट आहे, अन्याय म्हणता येणार नाही. उरलेले ४०,०५० मात्र नीट पाहण्यासारखे आहेत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ही एक परीक्षा जवळजवळ पाच क्विंटल कापसाची झाली, तोही हमीभावानं विकला गेला तर. ओलावा आणि प्रतवारीच्या नावाखाली व्यापाऱ्यानं भाव पाडला, तर आणखी एखादं क्विंटल धरा.

"परीक्षा एकच, प्रमाणपत्राची किंमत जगभर एकच, मग फीसुद्धा एकच असायला हवी" हा युक्तिवाद मी शिकलेल्या लोकांकडून ऐकला आहे. ऐकायला तो न्याय्य वाटतो. पण जगातल्या कंपन्या स्वतः तो पाळत नाहीत. अभियांत्रिकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या कपाटात पहा. "फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी" असं छापलेली परदेशी लेखकांची पुस्तकं निघतील, अमेरिकेतल्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात घेतलेली. प्रकाशकांना ही सूट परवडते, त्यांना भीती असते ती पुस्तक उलट दिशेनं जाण्याची. सुपाप किर्तसेंग नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्यानं नेमकं तेच केलं. थायलंडमधल्या आशियाई आवृत्त्या घरच्यांकडून मागवून त्यानं अमेरिकेत विकल्या. जॉन वायली या प्रकाशकानं त्याच्यावर खटला भरला, आणि मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी किर्तसेंगच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे प्रकाशकांची भीती खरी होती. पुस्तक एकदा विकलं की ते कुठे जाईल हे त्यांच्या हातात राहत नाही.

परीक्षेचं तसं नाही. ती हस्तांतरित होत नाही. दारात पारपत्र तपासतात, चेहरा ओळखपत्राशी ताडतात, घरून दिली तर कॅमेऱ्यात खोलीचा कोपरा न् कोपरा दाखवावा लागतो. अकोल्यात स्वस्तात घेतलेली परीक्षा शिकागोतला माणूस देऊ शकत नाही. प्रांतानुसार किंमत ठेवण्यासाठी याहून सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही. तरीही बऱ्याच संस्था तसं करत नाहीत. कारण सरळ आहे. त्यांना तसं करण्याची गरज भासत नाही. ज्याला ते प्रमाणपत्र हवंच आहे तो कर्ज काढूनही भरतो.

जिला गरज भासली तिनं काय केलं तेही पहा. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर प्रशासकाच्या परीक्षेची अमेरिकेतली फी १६५ डॉलर. ९० च्या भावानं ते १४,८५० रुपये होतात. भारतात हीच परीक्षा कित्येक वर्षं ४,८०० रुपये अधिक जीएसटी या दरानं मिळत आली आहे, म्हणजे करासकट साधारण ५,६६४ रुपये. प्रमाणपत्र तेच, प्रश्न तेच, दर जवळजवळ तिसरा हिस्सा. ही उदारता नाही. भारतातल्या लाखो तंत्रज्ञांनी अझ्युअर शिकावं आणि त्यांच्या कंपन्यांनी अझ्युअर विकत घ्यावं, यात तिचा फायदा आहे. परीक्षा ही तिची जाहिरात आहे, आणि जाहिरात स्वस्तच ठेवावी लागते. किंमत परीक्षा जिथे दिली जाते त्या देशावरून ठरते, म्हणून नोंदणीतला पत्ता आणि देश नीट भरावा. व्हॉट्सॲपवर अर्ध्या दरात मिळणाऱ्या "व्हाउचर"च्या नादी लागू नये. दुसऱ्या देशाचं किंवा दुसऱ्या संस्थेच्या कोट्यातलं व्हाउचर निघालं तर परीक्षा रद्द होऊ शकते, आणि ते विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

उलटीही उदाहरणं आहेत आणि ती मला जास्त खटकतात. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणारा डॉक्टर ब्रिटनची एमआरसीपी परीक्षा देतो, तेव्हा त्याला ब्रिटनमधल्या उमेदवारापेक्षा जास्त फी पडते. अमेरिकेच्या यूएसएमएलईच्या फीवर देशाबाहेरच्या केंद्रासाठी वेगळा अधिभार लागतो. केंद्र चालवण्याचा खर्च म्हणून तो घेतात. भारतातल्या जागेचं भाडं आणि इथल्या पर्यवेक्षकाचा पगार फिलाडेल्फियापेक्षा जास्त आहे, हे मला तरी पटत नाही.

रुपयांत किंमत आणि स्वस्त किंमत या दोन गोष्टी लोक एक समजतात. जीआरई घेणारी ईटीएस आता भारतात रुपयांत फी घेते, ती २२ हजारांच्या आसपास आहे. डॉलरमधली फी २२० आहे, म्हणजे ९० च्या भावानं १९,८००. रुपयांतला आकडा मोठा दिसतो तो प्रामुख्यानं करामुळे. रुपयांत भरल्यानं कार्डाचे चार टक्के वाचतात आणि देशी कार्डही चालू शकतं, ही सोय खरीच. पण ती सवलत नाही. करावरून आणखी एक सावधगिरी: ऑक्टोबर २०२३ पासून परदेशातून मिळणाऱ्या ऑनलाइन सेवांवरच्या जीएसटीची व्याख्या रुंदावली आहे, आणि काही परदेशी संस्था फीवर १८ टक्के थेट जोडतात. ४४५ डॉलरवर ते ८० डॉलर होतात, म्हणजे ७,२०० रुपये. बँकेच्या आकाराच्या चौपट. म्हणून कार्डाची मर्यादा ठरवण्याआधी पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन अंतिम आकडा पाहावा.

मग त्या अकोल्याच्या मुलीनं काय करावं? लिनक्स फाउंडेशन वर्षातून काही वेळा, विशेषतः नोव्हेंबरअखेर, परीक्षांवर मोठी सूट देते. तीस टक्केच धरली तरी मूळ फीतले १२,०१५ रुपये वाचतात. परीक्षा विकत घेतल्यापासून ती देण्यासाठी वर्षभराची मुदत असते आणि एक फेरपरीक्षा फीतच येते, त्यामुळे सूट असताना घेऊन ठेवणं आणि नंतर अभ्यास पुरा करणं जमतं. याच संस्थेची लिफ्ट नावाची शिष्यवृत्ती आहे. तीत प्रशिक्षण आणि परीक्षा दोन्ही मोफत मिळतात, आणि गरजू विद्यार्थी अर्ज करू शकतात. म्हणजे चार टक्क्यांसाठी कार्डं बदलत बसण्यापेक्षा तारखेकडे लक्ष ठेवण्यात सातपटीनं फायदा आहे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत क्रम फार महत्त्वाचा. सीएफए इन्स्टिट्यूटची ॲक्सेस शिष्यवृत्ती गरजेवर मिळते, महिलांसाठीही वेगळी आहे. पण फी आधी भरून टाकली की ती मागून लागू होत नाही. आपल्याकडची मुलं शेवटच्या तारखेच्या धास्तीनं आधी भरतात आणि मग शिष्यवृत्ती शोधतात. अर्जाची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीज या संस्थेत ठरावीक रकमेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या उमेदवाराला कमी दराची फी लागते. ती उत्पन्नमर्यादा पौंडांत मोजली जाते, त्यामुळे नवीन नोकरी लागलेला वऱ्हाडातला पदवीधर तिच्यात बसण्याची बरीच शक्यता असते. आणि जिथे काही मिळण्यासारखं नाही तेही कळायला हवं. जीआरईची फी-सवलत योजना अमेरिकेच्या नागरिकांसाठी आणि रहिवाशांसाठी आहे, भारतीय विद्यार्थ्यानं तिच्या अर्जात वेळ घालवू नये.

कागदपत्रांत अडचण वेगळीच येते. गरज सिद्ध करायला आपल्याकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असतो, तो मराठीत. लंडनमधल्या कारकुनाला तो वाचता येत नाही. इंग्रजी भाषांतर करून, नोटरी करून, सोबत एका ओळीत "हा दाखला महसूल विभागाचा अधिकारी देतो" हे लिहून पाठवावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं आयकर विवरणपत्र बहुतेक घरांत नसतं, आणि परदेशी अर्जात नेमकं तेच मागतात. नसण्याचं कारण कळवलं तर काही संस्था दाखला स्वीकारतात. न कळवता तो रकाना रिकामा सोडला तर अर्ज अपुरा ठरतो. दुसरी अडचण नावाची. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पारपत्रावर आडनावाचा रकाना वेगळा. परीक्षेची नोंदणी गुणपत्रिका पाहून केली आणि ओळखपत्र पारपत्र दाखवलं, तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. बडनेऱ्याहून पहाटेची गाडी धरून नागपूरला गेलेल्या मुलाला हे दारात कळू नये. कार्डावरचं नाव मात्र उमेदवाराचं नसलं तरी सहसा चालतं, फी काकांच्या कार्डानं भरता येते.

सरकारचं काय? राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते आणि शिक्षण शुल्कापासून विमान भाड्यापर्यंत भार उचलते. ती मोलाची आहे. पण ती प्रवेश मिळाल्यानंतर सुरू होते. प्रवेश मिळेपर्यंतचे जीआरई, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांना गुण पाठवण्याचे आकार, अर्जांची फी हा खर्च उमेदवारानं खिशातून करायचा. ज्याच्याकडे ते पन्नास-साठ हजार नाहीत, तो शिष्यवृत्तीच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. त्याचा अर्जच नसतो, म्हणून तो कुठल्या आकडेवारीतही येत नाही.

यातलं बरंच महाविद्यालयांच्या हातात आहे, आणि त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. परदेशी संस्था विद्यार्थी असल्याची पडताळणी पुष्कळदा महाविद्यालयाच्या ईमेल पत्त्यावरून करतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रत्येक संलग्न महाविद्यालयानं विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता दिला, तर ही पडताळणी दोन मिनिटांत होते. अनेक ठिकाणी तो मिळत नाही. मुलं जीमेलवरून अर्ज करतात आणि मग ओळखपत्राचे फोटो पाठवत बसतात. दुसरं काम एकगठ्ठा खरेदीचं. वीस विद्यार्थ्यांना एकच परीक्षा द्यायची असेल तर संस्था म्हणून व्हाउचरचा दर मागता येतो, आणि पैसे महाविद्यालयाच्या खात्यातून एकदाच जातात. वीस घरांत वीस कार्डं शोधावी लागत नाहीत. तिसरं काम एका पत्राचं. प्लेसमेंट विभागाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीचं, विद्यार्थ्याच्या कुटुंबाचं उत्पन्न इतकं आहे आणि त्याला फी-सवलत मिळावी असं लिहिलेलं इंग्रजी पत्र. त्याचा मसुदा एकदा तयार केला की दर वर्षी फक्त नाव आणि तारीख बदलायची. ते पत्र जूनमध्येच तयार असलं, तर नोव्हेंबरच्या सवलतीआधी निदान दोन शिष्यवृत्त्यांचे अर्ज त्याच कागदावर जाऊ शकतात.